शाकाहारी, ऑफिसात बसून काम: रोज किती प्रोटीन लागतं? पावडर खरंच हवी का?

माडाखालचा
नमस्कार मंडळी. वय ३८, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७४. रत्नागिरीत ऑफिसात दिवसभर खुर्चीवर. घरात चार माणसं: मी, बायको, आई आणि आठवीतली मुलगी. सगळे माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा नाही.

दोन महिन्यांपूर्वी जिम लावली. आठवड्यातून तीन दिवस जातो. तिथल्या ट्रेनरने वजन विचारलं, दोनाने गुणलं आणि म्हणाला, "सर, तुम्हाला १४८ ग्रॅम प्रोटीन पाहिजे, तुमच्या वरणभातातून तीससुद्धा जात नसेल, डबा घेऊन टाका." डबा तोच विकतो. वर हल्ली दुपारनंतर मला खूप गळून गेल्यासारखं होतं, तेही त्याने प्रोटीनच्याच खात्यात टाकलं.

प्रश्न दोन. माझा खरा आकडा किती? आणि तो आमटी, उसळ, दह्यातून भरतो की पावडरीशिवाय गत्यंतर नाही?

गुहागरी
डबा तोच विकतो म्हणालात तिथेच उत्तर मिळालं. पुढचं वाचायला बसलोय.

बांगडाप्रेमी
रे, इतके हिशेब कित्याक? दोन बांगडे भाज, विषय संपलो.

माडाखालचा
@बांगडाप्रेमी, माळकरी लिहिलंय हो वर.

बांगडाप्रेमी
वाचूक नाय, माफी. मगे काळ्या वाटाण्याचो सांबारा खा. आमच्या मालवणात तो मटणाक भारी पडता.

जुना खलाशी
माझं वय ७१. आयुष्यभर बोटीवर होतो, हे असलं मोजून कुणी खाल्लं नाही. पण एक गोष्ट डॉक्टरांकडूनच ऐकली आहे: डाळीचं प्रोटीन अपुरं असतं, ते अंगी लागत नाही. दूध, दही, पनीर यांचंच काय ते लागतं. त्यामुळे आमटीचे आकडे धरूच नका. आणि मूग खायचे तर मोड आणून खा, मोड आले की प्रोटीन दुप्पट होतं.

लोखंडी नारळ
मी दापोलीचा, सध्या ठाण्यात. सहा वर्षं व्यायाम करतोय, शाकाहारीच आहे. ट्रेनरचा आकडा फुगवलेला आहे हे मान्य, पण त्याची दिशा चूक नाही. आपल्या ताटात भाताचा डोंगर आणि आमटीचं तळं असतं. वजन उचलणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत उपयोग होतो, त्यापुढे फारसा फरक दिसत नाही. शाकाहारी माणसाने तिथवर नुसत्या जेवणातून पोचून दाखवावं. मी रोज एक स्कूप घेतो, अजून शिंगं फुटलेली नाहीत.

देवरूखकरीण
माझे केस खूप गळतात. त्यासाठी कोणती पावडर लावावी? कुणी म्हणतं आवळा, कुणी शिकेकाई.

गुहागरी
ताई, ही पावडर खायची आहे. लावू नका, मुंग्या येतील.

हळदीचं पान
मी चिपळूणला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. असा प्रश्न घेऊन आठवड्याला दोघं-तिघं तरी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे प्रमाण दिलं त्यात निरोगी मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. त्यांचा नमुना पुरुष ६५ किलोचा, म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम. मात्र हा आकडा चांगल्या प्रतीचं प्रोटीन धरून आहे. ताटात मुख्यतः भात-पोळी असेल आणि दूध-डाळ थोडीच असेल, तर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास धरणं शहाणपणाचं.

आता गुणायचं कशाला? तुमचं वजन ७४ असलं तरी तुमच्या उंचीला ६५ च्या आसपास योग्य. पोटावरच्या चरबीला प्रोटीन पुरवावं लागत नाही. म्हणून मी ६५ नेच गुणीन: खालची रेघ ५४, वरची ६५. तुमच्या ट्रेनरने दोन चुका एकावर एक रचल्या, आधी प्रत्यक्ष वजन घेतलं आणि मग दोनाने गुणलं.

@जुना खलाशी, काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. भात-गव्हात लायसिन नावाचा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो, पण तिच्यात दुसरे काही घटक थोडे कमी. दोन्ही खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं, आणि ते एकाच घासात असायलाही हवं असं नाही, दिवसभरात झालं की पुरे. अंगी लागतं दुधापेक्षा काहीसं कमी, म्हणून तर ०.८३ ऐवजी एक धरायचं. "लागतच नाही" असं मात्र नाही. मोडांचं म्हणाल तर एक वाटी सुक्या मुगाचे मोड येऊन तीन वाट्या होतात. त्या वाढलेल्या दोन वाट्या पाण्याच्या. प्रोटीन होतं तेवढंच राहतं, पचायला मात्र सोपं जातं.

@माडाखालचा, तीन दिवस एक काम करा. शिजलेलं अन्न मोजू नका, कच्चं मोजा. आमटीला घरात एकूण किती डाळ भिजते, किती तांदूळ धुतले जातात, ते वजनकाट्यावर घ्या आणि चौघांत वाटा. सगळे इथेच फसतात. इंटरनेटवर दिसतं की शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रोटीन. माणूस वाटीभर आमटी पितो आणि बावीस झाले म्हणतो. त्या वाटीत डाळ असते पंधरा-वीस ग्रॅम, बाकी पाणी, आमसूल आणि गूळ.

निळा डबा
@हळदीचं पान, वजनकाटा नसेल तर?

हळदीचं पान
किराणा दुकानातून अर्धा किलो डाळ आणा आणि किती दिवस पुरते ते बघा. उलट हा हिशेब जास्त खरा असतो, पाहुणे आले-गेले तेही त्यात धरले जातात.

लोखंडी नारळ
काट्यावरून आठवलं, सोया वड्या भिजवून मोजणारे महाभाग मी पाहिलेत. शंभर ग्रॅम भिजलेल्या वड्या खाल्ल्या म्हणे आणि ५२ ग्रॅम प्रोटीन मिळालं! अरे, ५२ आहे कोरड्या वड्यांत.

निळा डबा
थोडं माझ्या बाबांचं सांगतो. बाबा ७४ वर्षांचे, गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर घसरले, खुबा मोडला. ऑपरेशननंतर जेवण तुटलं, दोन घास खाल्ले की पुरे म्हणायचे. कुणीतरी भेटायला येताना "प्रोटीनचा" मोठा डबा आणला. आम्ही महिनाभर इमानेइतबारे दोन-दोन चमचे दुधातून दिला. एक दिवस डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचलं: शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन ३२, बाकी बहुतेक साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन नावाचं पिष्ट. दोन चमचे म्हणजे वीस ग्रॅम, म्हणजे सहा ग्रॅम प्रोटीन. तेवढं तर ज्या पेल्यात ते ढवळत होतो त्या दुधातच होतं! बाबांना मधुमेह आहे हे वेगळंच.

मग डॉक्टरांनी दुसरी, बिनसाखरेची लिहून दिली. ती घेतल्यावर फरक पडला असं आम्हाला वाटतं. त्यामुळे पावडर म्हणजे फसवणूक असं सरसकट कुणी म्हणू नये.

हळदीचं पान
@निळा डबा, अगदी. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे एक-सव्वा ग्रॅम लागतं आणि भूक मात्र निम्मी झालेली असते. अशा वेळी चार घोटांत वीस ग्रॅम देणारी गोष्ट उपयोगाची असते. पण तिथे मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहून डॉक्टरच आकडा ठरवतात. किडनीचा आजार असेल तर वर लिहिलेलं यातलं काहीच लागू नाही.

जुना खलाशी
मोडांचं कळलं. पन्नास वर्षं सगळ्यांना चुकीचं सांगत आलो म्हणायचं. पण कुळीथाचं पिठलं मी सोडणार नाही, त्याने मुतखडा विरघळतो असं ऐकत आलोय.

गुहागरी
काका, खडा विरघळला नाही तरी पिठलं संपतं, तेवढा फायदा नक्की.

माडाखालचा
तीन दिवस काटा घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "आता मीठपण मोजून देऊ का?" असो. माझ्या वाट्याचं, रोजचं साधारण:

सकाळी दोन घावने, तांदळाचं पीठ ६० ग्रॅम. दिवसात तीन चहा मिळून दूध १५० मिली. डब्यात तीन पोळ्या, कणीक ७५ ग्रॅम, सोबत भाजी आणि आमटी. संध्याकाळी ऑफिसात खारी किंवा बिस्किटं. रात्री भात, तांदूळ १०० ग्रॅम, आमटी, भाजी, कधी सोलकढी.

आणि डाळ: एका वेळी चौघांत ८० ग्रॅम. मी चार वेळा मोजली. मला वाटत होतं आम्ही भरपूर आमटी खातो. खातो भरपूरच, पण तिच्यात डाळ नसते.

हळदीचं पान
छान मोजलंत. आता बघा. घावने साडेचार, दूध पाच, पोळ्या आठ. दोन्ही वेळच्या भाज्या मिळून चार. डाळ दोन वेळा वीस-वीस ग्रॅम, तिचे नऊ. भाताचे आठ. खारीचे दोन, नारळ-सोलकढीचे दोन. बेरीज साडेबेचाळीस.

म्हणजे ट्रेनरचं "तीससुद्धा नाही" खोटं, पण तुमचं "भरपूर" पण खोटं. खालच्या रेघेला बारा कमी, वरच्या रेघेला बावीस-तेवीस. आणि यातला निम्म्याच्या आसपास वाटा भात, घावन, पोळीचा आहे, म्हणून तुम्ही वरच्या रेघेकडे बघायला हवं.

भरून काढायला चार बदल पुरतील. डब्यातल्या भाजीच्या जागी रोज उसळ, सुकं कडधान्य ४० ग्रॅम: मूग, चवळी, काळे वाटाणे, वाल, जे घरात असेल ते. नऊ मिळतात, भाजीचे दोन गेले, निव्वळ सात. खारीच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे, ३० ग्रॅम: सात मिळतात, दोन गेले, पाच. दही दोन वाट्या, २०० ग्रॅम: सहा. रात्रीच्या आमटीत तुमच्या वाट्याची डाळ वीसवरून पस्तीस: तीन. झाले एकवीस, म्हणजे साडेत्रेसष्ट.

आता जी गोष्ट कुणी सांगत नाही ती. हे सगळं वरून घातलंत तर महिन्यात पोट पुढे येईल. म्हणून रात्रीचे तांदूळ शंभरवरून साठ करा. त्यात तीन ग्रॅम प्रोटीन जातं. साठ उरले. खालच्या रेघेच्या बरेच वर, वरच्या रेघेच्या थोडे खाली.

लोखंडी नारळ
साठ म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्याचे. तो आठवड्यात तीन दिवस वजनं उचलतोय हे विसरलात.

हळदीचं पान
विसरले नाही. @माडाखालचा, जिममध्ये नक्की काय करता?

माडाखालचा
खरं सांगू? अर्धा तास ट्रेडमिल, पंधरा-वीस मिनिटं डंबेल्स, मग मोबाइल.

हळदीचं पान
मग किलोमागे १.२ पुष्कळ झालं, म्हणजे ७८. जिमच्या दिवशी ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्या खा, पंधरा मिळतील. पंच्याहत्तरपर्यंत आलात. वरचे तीन ग्रॅम मी देवावर सोडते.

@लोखंडी नारळ, तुमचा १.६ चा हिशेब ६५ किलोला १०४ येतो. तेवढं भात-पोळी-डाळीतून काढायचं तर पोटात जागा पुरत नाही आणि उष्मांक हाताबाहेर जातात, हे मी मान्य करते. तिथे स्कूप सोयीचा. पण ही गरज तुमची आहे, यांची नाही.

लोखंडी नारळ
एवढं मान्य केलंत, पुरे. फक्त मी ६५ ऐवजी प्रत्यक्ष वजनच धरीन. यावर आपलं जमणार नाही.

हळदीचं पान
तुमच्या अंगावर चरबी कमी असेल, तुम्ही धरा. सगळ्यांनी धरू नये एवढंच म्हणणं.

देवरूखकरीण
आमच्याकडे रोज उसळ केली तर संध्याकाळपर्यंत यजमान फुग्यासारखे होतात. ते कसं निभवायचं?

हळदीचं पान
एकदम चाळीस ग्रॅमवर जाऊ नका. पहिला आठवडा पंधरा, मग पंचवीस, मग चाळीस. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, मोड आणा, बोटाने दाबल्यावर पूर्ण मऊ लागेल इतकं शिजवा. मूग आणि सोललेले वाल सोसतात, काळे वाटाणे आणि छोले उशिरा आणा. फोडणीला हिंग असूच दे. इतकं करूनही त्रास झाला तर ते कडधान्य त्यांच्यासाठी नाही, दही आणि मूगडाळीवर भर द्या.

बांगडाप्रेमी
फणसाच्यो आठळ्यो कोणीच काढूक नाय? आणि ओले काजू? कोकणात बसान सोया वड्यो खातास, लाज वाटता काय?

लोखंडी नारळ
आठळ्यांत शंभर ग्रॅमला सहा-सात ग्रॅम, तेही मे-जूनपुरतं. वाळलेल्या काजूत टक्केवारी शेंगदाण्याच्या जरा खाली, किमतीत किती वर ते तुम्हालाच ठाऊक.

बांगडाप्रेमी
माझी स्वतःची बाग आसा. माका फुकट.

गुहागरी
पत्ता टाका.

निळा डबा
किमतीचा विषय निघालाच आहे तर. मी मागच्या महिन्यात चौकशी केली. एक किलोचा साधा व्हे डबा २४०० ला, तीस स्कूप, म्हणजे स्कूपला ८० रुपये आणि त्यात २४ ग्रॅम. तेवढंच प्रोटीन ११० ग्रॅम कुळीथात, आमच्या बाजारात १४० रुपये किलोने साधारण १५ रुपये.

लोखंडी नारळ
आणि ११० ग्रॅम कुळीथ खाऊन माणूस मीटिंगला बसेल?

गुहागरी
बसेल. बाकीचे उठतील.

लोखंडी नारळ
मस्करी बाजूला. पावडर घ्यायचीच असेल त्यांच्यासाठी एक सूचना. प्रयोगशाळेत प्रोटीन सरळ मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात. त्यामुळे काही जण ग्लायसिन, टॉरिनसारखे नायट्रोजन असलेले स्वस्त घटक मिसळून आकडा चढवतात. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी लिहिलेली दिसली तर डबा परत ठेवा. आणि स्कूपचं वजन बघा: ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४-२५ ग्रॅम प्रोटीन ठीक, पंधरा असेल तर तुम्ही चॉकलेट विकत घेताय.

माडाखालचा
एक शंका. व्हे हे दुधाचंच ना? माळकऱ्याला चालेल?

लोखंडी नारळ
चीज करताना निथळणारं पाणी वाळवून करतात. दुधाचंच. पण चीज कशाने विरजलं हा प्रश्न उरतो, काही ठिकाणी वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. मी हिरवा ठिपका बघून घेतो.

जुना खलाशी
वासराच्या पोटातलं? मग तर घेऊच नका.

हळदीचं पान
@माडाखालचा, एक राहूनच गेलं. दुपारनंतर गळून जाणं हे ४२ ग्रॅमवर ढकलू नका. एवढ्या कमतरतेने दोन महिन्यांत माणूस असा गळत नाही. वर्षानुवर्षं अंडं-मासे न खाणाऱ्याने आधी बी-१२, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासावं. बी-१२ डाळीत नसतंच, पावडरीतही पुरेसं असेलच असं नाही. आणि रक्तातलं "टोटल प्रोटीन" नॉर्मल आलं म्हणून जेवण पुरेसं आहे असंही समजू नका, ते बरंच उशिरा हलतं.

माडाखालचा
(पाच आठवड्यांनी) धागा वर काढतोय, माफ करा.

बी-१२ तपासलं. १३८ आलं, लॅबच्या कागदावर २०० च्या वर हवं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, आता गोळ्या चालू. हिमोग्लोबिन ठीक. चौथ्या इंजेक्शननंतर दुपारी डुलक्या येणं कमी झालं, बाकी कशाने झालं असेल तर ठाऊक नाही, कारण जेवणही त्याच सुमारास बदललं.

जेवणाचं सांगतो. उसळ आठवड्यात चार-पाच दिवस जमते, सात दिवस नाही. शेंगदाण्यांचा डबा ऑफिसात ठेवला तर तो माझ्या एकट्याचा राहत नाही, म्हणून खिशात पुडी नेतो. दही रोज होतं. तांदूळ साठवर आणायला आईचा विरोध होता, सत्तरवर तह झाला. मागच्या आठवड्यात पुन्हा मोजलं, सरासरी ५७.

पावडर घेतली नाही. ट्रेनर हल्ली माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.

लोखंडी नारळ
५७! मी सांगितलं होतं.

हळदीचं पान
४२ वरून ५७. मला चालेल. आईंच्या वाट्याची डाळ वाढवलीत का? त्यांना तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे.

माडाखालचा
अहो, तिथेच तर अडलंय. चौघांची डाळ ८० वरून १४० केली. आईने पहिल्याच रात्री पळी आमटीत उभी करून दाखवली आणि म्हणाली, "ही आमटी असेल तर पिठलं कशाला म्हणतात?" आता ती स्वतःची वाटी वाढून घेताना त्यात गरम पाणी ओतते.

देवरूखकरीण
त्या पाण्याच्या जागी ताक घालायला सांगा. आमच्याकडे सासूबाईंना तसंच फसवलं होतं.